छायाचित्रातील कृत्रिम पाऊस

कोरड्या दिवशी टिपलेल्या रस्त्याच्या छायाचित्रात पडता पाऊस, ओली जमीन आणि भिजलेले कपडे संगणकावर उतरवण्याचे तंत्र. धारा काढणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग. चित्र खरे वाटते की नाही, ते उजेड आणि जमीन ठरवतात.

उदाहरणादाखल जुन्नरच्या पेठेतला, मागे शिवनेरी दिसणारा एखादा रस्ता घेऊ. चित्र भर उन्हातले असेल तर माणसांच्या पायाशी ठळक सावल्या असतात. त्या राहिल्या की वर कितीही पाऊस ओता, बनाव उघडा पडतो; म्हणून मुळातच ढगाळ दिवसाचे चित्र निवडावे. पावसात दूरचे आधी पुसट होते. समोरचे दुकान स्पष्ट, शिवनेरी मात्र जेमतेम राखाडी दिसायला हवा. भीमाशंकर किंवा नाणेघाटाच्या बाजूचे चित्र असेल तर डोंगर पार गडप झाला तरी चालतो; पूर्वेकडच्या बेल्ह्यात तेवढे धुके खोटे वाटेल.

प्रतिबिंबासाठी चित्राची प्रत उलटी करतात, पण ती सबंध उलटवली की घात होतो. प्रत्येक वस्तू जिथे जमिनीला टेकते, तिथूनच तिचे प्रतिबिंब सुरू झाले पाहिजे: माणसाचे टाचेपासून, मागे सरकून बांधलेल्या वाड्याचे त्याच्या जोत्यापासून. शिवाय पाण्यात पत्र्याच्या पडवीची खालची बाजू दिसते आणि ती मूळ चित्रात नसते. ही उणीव झाकायला प्रतिबिंब उभ्या दिशेने पुसट करतात. खडबडीत ओल्या डांबरावर ते खरोखरच तसे लांबट फाटलेले असते. पाणी सरळ खाली पाहताना सुमारे २ टक्के उजेड परतवते, अगदी तिरके पाहताना त्याच्या कितीतरी पट. म्हणून दूरचा रस्ता चकाकतो, आपल्या पायाजवळचा नुसता काळवंडतो. जोराची सर आणि आरशासारखे शांत डबके एकत्र दाखवणे ही नेहमीची चूक.

सुती कापडाच्या धाग्यांमधल्या जागेत पाणी शिरले की कमी उजेड परत येतो आणि रंग गडद होतो. सदऱ्याचे खांदे, टोपी आणि शिंतोड्यांनी भिजलेला धोतराचा काठ तेवढा Multiply थराने गडद करावा. त्वचा आणि रेनकोट गडद होत नाहीत, चकाकतात.

धारांसाठी काळ्या थरावर Add Noise, मग Motion Blur, आणि थराची पद्धत Screen. लांबीचा हिशेब असा: २ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर पडतो, म्हणजे १/६० सेकंदात ११ सेंटिमीटर. चित्रातला १६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस ६०० पिक्सेल असेल, तर त्याच्या अंतरावरची धार ४० पिक्सेलची. मागच्या धारा आखूड, अगदी पुढच्या लांब, पुसट आणि मोजक्याच. पांढऱ्या आभाळावर त्या जवळजवळ दिसत नाहीत, दुकानाच्या काळोख्या दारापुढे दिसतात. पत्र्याच्या कडेला पागोळ्या काढायच्या मात्र बहुतेकजण विसरतात.

रस्त्यातली माणसे छत्रीविना निवांत गप्पा मारत उभी असतील, तर ते चित्र सोडून द्यावे. बातमीच्या छायाचित्राला हे तंत्र वर्ज्य आहे. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेच्या नियमांतही चित्रात नसलेले काही घालण्यास मनाई आहे.