मुदतबाह्य कर्ज

मुदतबाह्य कर्ज : वसुलीचा दावा लावण्याची कायदेशीर मुदत संपलेले कर्ज. मुदत कायदा, 1963 नुसार साध्या उसनवारीची आणि मागताक्षणी फेडायच्या वचनचिठ्ठीची मुदत 3 वर्षे असते. ती संपल्यावर लावलेला दावा न्यायालयाने फेटाळायचा असतो, कर्जदाराने मुदतीचा मुद्दा काढला नसला तरीही. पण कर्ज बुडत नाही, बुडतो तो दाव्याचा मार्ग.

समजा, पैठण तालुक्यातील चितेगावच्या एका कारखाना कामगाराने 10 मार्च 2022 रोजी अशा वचनचिठ्ठीवर 60,000 रुपये घेतले आणि पुढे काहीच फेडले नाही. सावकाराची मुदत 10 मार्च 2025 ला संपते. जानेवारी 2025 मध्ये कामगाराने ‘60,000 रुपये येणे बाकी मान्य’ अशा कागदावर सही केली, तर कलम 18 नुसार त्या सहीच्या तारखेपासून नवी 3 वर्षे सुरू होतात. हीच सही जून 2025 मध्ये केली, तर नुसत्या कबुलीने मुदत परत येत नाही. मात्र त्या कागदावर ‘रक्कम फेडीन’ एवढे शब्द असले की तो करार कायद्याच्या कलम 25(3) खालचा नवा करार होतो आणि त्यावर दावा चालतो. खरा धोका इथेच आहे, कारण वसुलीवाले ‘फक्त हिशेब जुळवायला’ म्हणून जो मजकूर पुढे करतात, त्यात हे शब्द सहज बसतात. धनादेशही तितकाच घातक आहे. मुदतबाह्य कर्जापोटी दिलेला धनादेश हेच लेखी वचन ठरते आणि तो न वटल्यास परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 खाली फौजदारी खटला चालतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2012 मध्ये म्हटले.

मुदतीनंतरही धनको पैसे मागू शकतो, नोटीस पाठवू शकतो. आपणहून फेडलेली रक्कम मुदतीचे कारण सांगून परत मागता येत नाही. तारण ठेवलेली मुदतठेव बँक वळती करून घेऊ शकते. धमकी देणे, रात्री-अपरात्री फोन करणे मात्र चालत नाही. बँकांच्या वसुली एजंटांना रिझर्व्ह बँकेने सकाळी 8 ते संध्याकाळी 7 हीच वेळ दिली आहे.

पतसंस्थेच्या सभासदाने ही 3 वर्षे गृहीत धरू नयेत. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 92 नुसार सभासदाकडील येण्याची मुदत तो मरण पावल्यापासून किंवा सभासदत्व संपल्यापासून मोजतात. शिवाय 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा करोनाकाळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला आहे, त्यामुळे त्याआधीच्या कर्जांचा हिशेब लांबतो.

समन्स आले तर कर्ज जुने आहे म्हणून घरी बसू नये. एकतर्फी हुकूमनामा झाला, तर त्याच्या अंमलबजावणीला 12 वर्षे मिळतात. सही मागणाऱ्याकडून आधी कागदाची प्रत घ्यावी आणि ती वकिलाला दाखवावी.