रामरामच्या पुढचा शब्द

9 ऑगस्ट 1779 रोजी मुंबईच्या कंपनी सरकारने सोनारांना एक शब्द वापरायला बंदी केली. शब्द होता 'नमस्कार'. सोनारांना तो घालायचा अधिकार नाही अशी ब्राह्मणांची तक्रार होती, पुण्याहून पेशव्यांनीही तसा आग्रह धरला आणि गोऱ्या साहेबांनी हुकूम काढून टाकला. डॉ. आंबेडकरांनी हा हुकूम आपल्या लिखाणात उतरवून घेतला आहे.

आज हे वाचून हसू येतं, पण त्या काळच्या माणसाला त्यात विनोदी काही वाटलं नसतं. कोणी कोणाला काय म्हणून अभिवादन करायचं, हे जन्मानेच ठरलेलं होतं. जुन्या पत्रांचे मायने पाहावेत. ब्राह्मणाने ब्राह्मणाला लिहिताना साष्टांग नमस्कार, मराठा सरदाराला रामराम, लिंगायताला शरणार्थ, मुसलमानाला सलाम, गोसाव्याला नमो नारायण. मजकूर पुढे काही का असेना, पहिल्या ओळीतच समोरच्याची पायरी कळत असे. नमस्कार ही वरची पायरी, आणि सोनार तिच्यावर पाय ठेवू पाहत होते.

माझ्या नगर जिल्ह्यात खेड्यापाड्यांचा शब्द मात्र रामराम. मराठा, माळी, धनगर, वंजारी, सगळ्यांचा. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं एक गणित फिरतं : 'र' सत्ताविसावं व्यंजन, 'आ' दुसरा स्वर, 'म' पंचविसावं व्यंजन, बेरीज 54, दोनदा म्हटलं की 108, म्हणजे जपाची एक माळ पुरी. गणित चुकत नाही, पण बांधावरून हात वर करणाऱ्याने ते कधी मांडलं नव्हतं. दोनदा म्हणायचं कारण साधं असावं. एकेरी 'राम' आपल्याकडे वेगळ्या प्रसंगाला लागतो. माणसाने 'राम म्हटला' की तो गेला. नोकरीला मात्र दुहेरी रामरामच ठोकतात, कारण तिथं निरोप असतो, मरण नाही.

या रामरामच्या वर्तुळाबाहेर गावकुसापलीकडची वस्ती होती. महाराने रामराम घालायचा नाही, जोहार घालायचा. तोही आधी, वाकून, अंतर राखून. आणि समोरून जोहार परत यायचा नाही. नमस्कार-रामरामपेक्षा जोहार वेगळा पडतो तो इथं. ती भेट नव्हे, एकतर्फी हजेरी. चोखोबांच्या अभंगांत हा जोहार विठ्ठलाच्या दारी घातलेला आहे. शेवगावहून गोदावरीपलीकडे असलेल्या पैठणच्या नाथांनी तर महाराच्या तोंडी घालून जोहाराच्या रचनाच केल्या.

शब्द मुळात हिणकस नाही. कोणी त्याचा धागा 'जयकारा'शी जोडतात, कोणी 'योद्ध्या'शी. तुलसीदासांच्या रामचरितमानसात वनवासी लोक रामाला जोहार करतात, आणि आजच्या झारखंडात हाच शब्द आदिवासी मोठ्या अभिमानाने मंचावरून उच्चारतात. तिथं ज्याने मान ताठ होते, त्याच शब्दाने आपल्याकडे मान खाली घालायला लावली. शब्दाला कुळ असतं, पण त्याची अब्रू तो वापरणारी माणसं ठरवतात.

1927 च्या महाडच्या सत्याग्रहानंतर मेलेली ढोरं ओढणं, येसकरकी करणं यांना नकार मिळू लागला, तसाच जोहारालाही. पण त्याच्या जागी काय म्हणायचं? रामराम म्हटला तर गावाला तो उद्धटपणा वाटे, म्हणजे 1779 च्या सोनारांचीच गोष्ट पुन्हा. उत्तर नगरातून आलं नाही, नागपूरजवळच्या कामठीहून आलं. बाबू हरदास एल. एन. (1904–1939) हे तिथले तरुण कार्यकर्ते. मुसलमान एकमेकांना 'सलाम आलेकुम' म्हणतात आणि त्याला ठरलेलं उत्तर येतं, हे त्यांच्या मनात भरलं होतं, असं सांगतात. म्हणून त्यांनी आधी जोडी सुचवली : एकाने 'जय भीम' म्हणायचं, दुसऱ्याने 'बल भीम'. पुढे 'बल भीम' गळून पडलं आणि दोन्ही बाजूंनी 'जय भीम'च राहिलं. मला हे गळणं फार मोलाचं वाटतं. जोहाराला परतफेड नव्हती. इथं जेवढं द्यावं तेवढंच, त्याच शब्दात, परत मिळतं.

1956 मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञांतली दुसरी राम आणि कृष्ण यांना अवतार न मानण्याची. त्यानंतर या वस्तीसाठी रामरामचा पर्यायच उरला नाही. आज अकोल्यापासून जामखेडपर्यंत कुठंही जय भीम ऐकला, तर माणूस कुठल्या तालुक्याचा ते कळत नाही. कुठल्या घरात वाढला ते कळतं.

आणि नगरमध्ये अशा घरांची गर्दी आहे. नेवाशाकडच्या वारकऱ्याला भेटा, 'राम कृष्ण हरी माउली' म्हणत तो तुमच्या पायाला हात लावील आणि तुम्हालाही त्याच्या पायाला हात लावावा लागेल, वय काहीही असो. शिर्डीत रिक्षावालाही 'साईराम' म्हणतो. भगवानगडाच्या पायथ्याशी, पाथर्डी भागात, 'जय भगवान'. मढीच्या यात्रेत नाथपंथी एकमेकांना 'आदेश' म्हणतात. नगरजवळ अरणगावच्या मेहेराबादेत परदेशी पाहुण्याच्याही तोंडी 'जय बाबा'. मिशनच्या जुन्या वस्त्यांत 'जय ख्रिस्त', अकोल्याच्या डोंगराकडे 'जय आदिवासी', धनगरवाड्यावर 'जय मल्हार'. एका जिल्ह्यात एवढे जयकार, म्हणून बाहेरचा माणूस गोंधळतो आणि सुरक्षित म्हणून 'नमस्कार' करतो. त्या नमस्काराला आता कोणाची बंदी नाही. पण तो ऐकला की समोरचा मनात टिपतो, हा शहरातला, नाहीतर हापिसातला.

मग गाव कुठं सापडतं? अभिवादनात नाही, त्याच्या मागोमाग येणाऱ्या चौकशीत. नगरच्या माळीवाडा बसस्थानकावर मी कितीदा तरी नुसता कान लावून बसलोय. रामराम सगळ्यांचा सारखाच. नागपूरचा आणि कोल्हापूरचा वेगळा काढता येत नाही. पण पुढच्या क्षणी बहुतेक जण तोच प्रश्न विचारतात, कुठं निघालात? आणि तिथं क्रियापद फितूर होतं. 'निघालायसा' आलं की कोल्हापूर-सांगली. 'निघालाव' म्हणाला तर मराठवाडा, बहुधा जामखेडपलीकडचा बीडकर. 'चालून राहिले' कानावर पडलं की विदर्भ. अहिराणीवाला 'काय चाली ऱ्हायनं' विचारील, मालवणी माणूस प्रवासाचं सोडून 'बरां मा?' म्हणेल. आमचा नगरी माणूस 'कुणीकडं?' एवढ्यावर थांबतो, क्रियापदाचा खर्चच करत नाही.

ही परीक्षा फसतेही. एकदा 'निघालाव' ऐकून मी एका आजोबांना बीडचे ठरवलं. निघाले जामखेडचेच. जिल्हा आमचा, पण बाजार आणि सोयरीक बालाघाटापलीकडे. आई बीडकडची असली की मुलाचं 'लाव' जातच नाही, मग शाळेच्या दाखल्यावर जिल्हा कुठलाही असो. ऊसतोडीला सहा-सहा महिने पट्टा बदलणाऱ्या टोळ्यांच्या पोरांचं तर विचारू नका; एकाच वाक्यात दोन प्रांत.

तेव्हा पुढच्या वेळी माळीवाड्याला बस चुकली तर फोन खिशात ठेवा. शेजारच्या बाकावरचे दोन जण भेटले, की त्यांचा रामराम किंवा जय भीम ऐका आणि जाऊ द्या. तिकीट कुठलं काढावं लागेल, ते त्यांच्या दुसऱ्या वाक्यात असतं.