मुलाच्या छातीत घरघर: घरचं नेब्युलायझर नीट कसं वापरावं?

पावसाळा संपत आला, थंडी सुरू झाली की भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, मिरजेसारख्या दाट वस्तीच्या भागांत लहान मुलांना धाप लागण्याच्या तक्रारी वाढतात. आता बऱ्याच घरांत स्वतःचं नेब्युलायझर असतं. नसलं तर शेजाऱ्यांकडून मागून आणलं जातं. घरात त्याला ‘मशीन लावणं’ किंवा ‘वाफ देणं’ म्हणतात. खरं तर ही वाफ नाही. मशीनमधला कॉम्प्रेसर हवा ढकलतो, त्या हवेने चेंबरमधल्या औषधाचे बारीक थेंब होतात आणि ते मुलाच्या श्वासाबरोबर आत जातात. चेंबरमध्ये काय घातलं आणि त्यातलं किती छातीपर्यंत पोचलं, यावरच सगळं अवलंबून असतं. मशीन स्वतः काही बरं करत नाही.

मास्क: दोन बोटांचं अंतर महागात पडतं

मूल रडतं, मास्क झटकून टाकतं. मग अम्मी किंवा दादी मास्क तोंडापासून दोन बोटं लांब धरते आणि धूर चेहऱ्यावर सोडते. औषध दिल्याचं समाधान मिळतं, पण बहुतेक औषध खोलीतल्या हवेत जातं. मास्क चेहऱ्यापासून थोडा जरी लांब गेला तरी आत जाणारं औषध निम्म्याहून कमी होऊ शकतं.

मास्क लहान मुलांच्या मापाचाच हवा. वरची कड नाकाच्या हाडावर आणि खालची कड हनुवटीवर नीट टेकली पाहिजे. मोठ्यांचा मास्क लहान मुलाला लावला की वरच्या बाजूने फट राहते आणि धुकं सरळ डोळ्यांत जातं. मास्क बरोबर बसला की नाही हे ओळखायची सोपी खूण हीच: डोळ्यांकडे धुकं येत असेल तर मास्क गळतोय. काही औषधं डोळ्यांत गेली तर डोळे चुरचुरतात, बाहुली मोठी होते, म्हणून याकडे दुर्लक्ष करू नका. मास्कला बाजूला जी भोकं असतात ती मात्र बोटाने किंवा चिकटपट्टीने बंद करू नका. श्वास बाहेर जायला ती लागतात.

मुलाला आडवं झोपवून मशीन लावू नका. मांडीवर ताठ बसवा, पाठ आपल्या छातीला टेकवा आणि चेंबर उभा राहील असा धरा. चेंबर आडवा झाला की धुकं थांबतं. रडताना मूल लांब हुंदके आणि झटक्यात श्वास घेतं, त्यामुळे औषध घशातच अडकतं आणि छातीत कमी उतरतं. म्हणून आधी शांत करा. मशीन न चालवता मास्क खेळायला द्या, बाहुलीला लावून दाखवा, मोबाईलवर आवडीचं काही लावा. मूल साधारण पाच वर्षांपुढचं असेल आणि सांगितलेलं समजत असेल तर मास्कऐवजी तोंडात धरायची नळी जास्त चांगली.

औषध: कोणतं कशासाठी?

घरी येणारी औषधं मुख्यतः दोन प्रकारची असतात आणि घोळ इथेच होतो.

पहिलं, श्वासनळ्या सैल करणारं: सालब्युटामॉल किंवा लेवोसालब्युटामॉल. हे धाप लागल्यावर द्यायचं. साधारण पाच ते पंधरा मिनिटांत फरक दिसू लागतो आणि असर चार-सहा तास टिकतो. दिल्यावर हात थोडे थरथरतात, छाती धडधडते, मूल चंचल होतं. हे काही वेळाने उतरतं.

दुसरं, आतली सूज कमी करणारं: ब्युडेसोनाइड. हे स्टेरॉइड आहे, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत थेट श्वासनळीत दिलं जातं. त्याने धाप लगेच थांबत नाही. डॉक्टरांनी रोज लिहून दिलं असेल तर मूल बरं दिसत असतानाही द्यावं लागतं. ‘आज खोकला नाही’ म्हणून बंद केलं की काही आठवड्यांनी पुन्हा रात्री-बेरात्री दवाखान्यात धावावं लागतं. हे दिल्यावर मुलाला चूळ भरायला लावा, लहान असेल तर पाणी पाजा आणि चेहरा पुसा. नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात. अल्ट्रासॉनिक प्रकारच्या मशीनमध्ये ब्युडेसोनाइड नीट फवारलं जात नाही. घरचं मशीन कोणत्या प्रकारचं आहे ते डॉक्टरांना दाखवून घ्या.

तिसरं औषध, इप्राट्रोपियम, कधी कधी लेवोसालब्युटामॉलबरोबर एकाच रेस्प्यूलमध्ये येतं. ते मुख्यतः जोराच्या झटक्यासाठी असतं. मेडिकलवाल्याने ‘हे जास्त स्ट्राँग आहे’ म्हणून दिलं तरी डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय घेऊ नका.

मात्रेची सगळ्यात धोकादायक चूक बाटलीमुळे होते. सालब्युटामॉलची एक छोटी बाटली मिळते, तिच्या प्रत्येक मिलीमध्ये ५ मिलिग्रॅम औषध असतं. तयार रेस्प्यूलमध्ये मात्र पूर्ण अडीच मिलीमध्ये मिळून २.५ मिलिग्रॅम असतं. म्हणजे रेस्प्यूल समजून बाटलीतलं अडीच मिली घातलं तर औषध पाचपट जातं. घरी शक्यतो रेस्प्यूलच ठेवा आणि त्यावरचा मिलिग्रॅमचा आकडा दर वेळी वाचा.

सर्दीचं पाणी, निलगिरीचं तेल, बाम, ओव्याचा अर्क, इंजेक्शनच्या कुप्या, यांतलं काहीही चेंबरमध्ये जाता कामा नये. ज़मज़म किंवा दम केलेलं पाणी मुलाला प्यायला द्या, पण मशीनमध्ये घालू नका. साधं पाणी, अगदी डिस्टिल्ड वॉटरसुद्धा, थेट श्वासनळीत गेलं तर ती आणखी आवळते. पातळ करायचं असेल तर फक्त ०.९ टक्क्यांचं निर्जंतुक नॉर्मल सलाईन चालतं. तेही एकदा वापरून टाकायच्या छोट्या कुपीतलं. मोठी बाटली उघडून आठवडाभर वापरली तर तिच्यात जंतू वाढतात.

पाच वर्षांच्या मुलाची एक रात्र

समजा, मुलगा पाच वर्षांचा आहे आणि डॉक्टरांनी धाप लागल्यावर ०.६३ मिलिग्रॅमची लेवोसालब्युटामॉलची रेस्प्यूल लिहून दिली आहे. रात्री नऊला छातीत सांय-सांय सुरू झाली. आधी त्याच्या पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. समजा ३८ आले. मुलगा बोलतोय, पाणी पितोय, ओठ गुलाबी आहेत. मग घरी औषध देता येईल.

हात साबणाने धुवा. रेस्प्यूलमध्ये अडीच मिली औषध असतं. साध्या चेंबरच्या तळाशी जवळपास एक मिली औषध शेवटी उरतंच, ते फवारलं जात नाही. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं असेल तर त्यात एक मिली सलाईन घालून साडेतीन मिली करा, म्हणजे वाया जाणारा हिस्सा कमी होतो. मशीन चालू करा, धुकं दिसलं की मास्क लावा. साधारण सात-आठ मिनिटांनी चेंबरमधून फुरफुर आवाज येईल. चेंबरवर टिचकी मारा, कडेचे थेंब खाली पडतील. पुन्हा फुरफुर झाली की बंद करा. पंधरा मिनिटं झाली तरी औषध संपत नसेल तर फिल्टर भरला आहे, नळी सैल आहे किंवा चेंबरचं भोक बुजलं आहे.

साडेनऊला पुन्हा श्वास मोजा. ३० आले, मुलगा झोपला, ठीक. पण रात्री साडेअकराला पुन्हा घरघर सुरू झाली, तर? औषधाचा असर चार तासही टिकला नाही. याचा अर्थ सूज वाढते आहे आणि घरचं औषध पुरं पडत नाही. आता दुसरा डोस देऊन सकाळची वाट पाहू नका. डोस द्या आणि त्याच वेळी दवाखान्याकडे निघा. घरच्या नेब्युलायझरने होणारं सगळ्यात मोठं नुकसान हेच असतं: दर दोन तासांनी मशीन लावत रात्र काढली जाते आणि मूल थकून गेल्यावर हॉस्पिटल गाठलं जातं.

पहिल्या डोसनंतर वीस मिनिटांत काहीच फरक नसेल, तरीही निघा. आणि बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, दूध-पाणी पिता येत नसेल, ओठ निळसर झाले असतील, मूल सुस्त पडलं असेल, तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. घरघर अचानक थांबली पण मूल धापाच टाकतंय, ही सुधारणा नसते. हवा आत-बाहेर होणंच कमी झालं, असा त्याचा अर्थ असू शकतो. एक वर्षाखालच्या बाळाला घरघर लागली तर कारण बरेचदा वेगळं असतं आणि या औषधांचा फायदा होतोच असं नाही. त्याला आधी डॉक्टरांना दाखवा.

सफाई: चेंबर ओला राहिला की जंतू वाढतात

दर वापरानंतर उरलेलं औषध फेकून द्या. पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. चेंबरचे भाग सुटे करा, मास्कसह स्वच्छ पाण्याने धुवा, जोरात झटका आणि स्वच्छ कपड्यावर उघडे वाळू द्या. आतून फडक्याने पुसू नका, फडक्याचे धागे आणि जंतू दोन्ही आत जातात. दिवसातून एकदा कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून धुवा आणि शेवटी उकळून गार केलेल्या पाण्यातून काढा.

चेंबर उकळता येतो की नाही, हे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. चालत असेल तर पाच मिनिटं उकळा. मऊ प्लास्टिकचा मास्क उकळल्यावर वाकडा होतो आणि मग चेहऱ्यावर बसत नाही. हवेची लांब नळी पाण्यात बुडवू नका, ती आतून वाळत नाही. नळीत थेंब दिसले तर चेंबर काढून मशीन दोन-तीन मिनिटं नुसतं चालवा. नळी आतून काळपट झाली असेल तर बदला. फिल्टर राखाडी दिसला की नवा घाला.

मशीन शेजाऱ्यांना द्यायला हरकत नाही, पण मास्क, चेंबर आणि नळी प्रत्येक मुलाची वेगळी हवी.

लाईट गेली तर?

ज्यांच्याकडे वीज जाते त्यांनी डॉक्टरांकडून पंप, स्पेसर आणि लहान मास्क लिहून घ्यावा. साध्या आणि मध्यम झटक्यात स्पेसरमधून दिलेला पंप नेब्युलायझरइतकाच काम करतो, वेळ कमी लागतो आणि प्रवासात, लग्नाच्या गावी, कुठेही सोबत नेता येतो. झटक्यात किती फवारे द्यायचे, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि कागद मशीनच्या पिशवीतच ठेवा. मूल घरघरत असताना त्या खोलीत लोबान, ऊद, अगरबत्ती किंवा मच्छर कॉइल लावू नका, आणि सिगारेट-बिडी तर घरातच नको.