पहिला नंबर कुणाचा? शिरगणतीची तारीख आणि रीत

समजा इंदापूरच्या एस. टी. स्टँडवर गाडीची वाट पाहत दोन विद्यार्थी बसले आहेत. दोघांच्या हातांत सामान्यज्ञानाची दोन पुस्तके आहेत. एकात छापले आहे की २०२३ साली लोकसंख्येत भारत जगात पहिला झाला. दुसऱ्यात त्याच सालाचे आकडे देऊन भारत दुसरा दाखवला आहे. दोघे हमरीतुमरीवर येतात. कुणाचे पुस्तक खोटे? खरे सांगायचे तर कुणाचेच नाही. असे कसे होते, ते आज पाहू. त्यासाठी एकदम दिल्लीला जायला नको. आधी आपल्या उसाच्या फडात जाऊ.

बारामती आणि इंदापूर हे नीरा डाव्या कालव्याचे तालुके. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथल्या कारखान्यांची धुराडी दिवाळीच्या मागेपुढे पेटतात आणि बीड, आष्टी, पाथर्डीकडच्या टोळ्या येऊन उतरतात. रानाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यांच्याबरोबर तान्ही पोरे असतात, क्वचित म्हातारी आईही असते. मार्च-एप्रिलात हंगामाचा पट्टा पडला की मंडळी पुन्हा आपल्या गावी. आता प्रश्न असा, की ही माणसे कुठली धरायची? इंदापूरची की आष्टीची?

याचे उत्तर शिरगणतीच्या नियमावर ठरते आणि हा नियम काही कायम एकच नव्हता. १८८१ पासून १९३१ पर्यंत आपल्याकडे एका रात्रीची शिरगणती होत असे. गणनेदार आधी काही आठवडे घरोघर फिरून कच्ची यादी करीत आणि मग ठरलेल्या रात्री ती पडताळून पाहत. १९३१ साली ती रात्र २६ फेब्रुवारीची होती. त्या रात्री जो जिथे झोपला, तो तिथला. पाहुणा असो, वाटसरू असो, ज्या गावात सापडला त्या गावच्या खात्यावर पडला. कंदील घेऊन फिरणाऱ्या गणनेदाराला निदान चांदणे मिळावे, आणि लग्नसराई व जत्रा आड येऊ नयेत, असा हिशेब करून रात्र निवडीत.

१९४१ पासून ही एका रात्रीची पद्धत सोडली. आता गणना दोन-तीन आठवडे चालते, पण आकडा मात्र एका क्षणाचा धरतात. २०११ साली गणनेदार ९ ते २८ फेब्रुवारी फिरले आणि क्षण धरला १ मार्चच्या शून्य तासाचा, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीचा. त्यानंतर १ ते ५ मार्च त्यांनी पुन्हा फेरी केली. मधल्या दिवसांत कुणी जन्मला असेल तर त्याला यादीत घालायचे, कुणी वारला असेल तर त्याचे नाव काढायचे. जो माणूस गणनेच्या संपूर्ण मुदतीत आपल्या घरापासून दूर असेल, त्याला तो सापडेल तिथेच मोजायचे, हा त्यातला नियम.

आता फडातला हिशेब सोपा झाला. फेब्रुवारीत गळीत जोरात असते. टोळी महिनाभर इंदापूरच्या रानात आहे, म्हणून ती इंदापूरची मोजली जाते. हीच गणना १ ऑक्टोबरला घेतली असती तर तीच माणसे आष्टी-पाथर्डीत सापडली असती. ही तारीख मी उगाच घेतलेली नाही. हिमालयातल्या बर्फाच्या मुलखात २०११ च्या शिरगणतीसाठी १ ऑक्टोबर २०१० हाच दिवस धरला होता, कारण फेब्रुवारीत तिथे वाटाच बंद असतात. दहा कोयत्यांची एक टोळी म्हणजे वीस मजूर, वर पोरेबाळे. अशा किती टोळ्या एका कारखान्याला लागतात, ते तुम्हीच जाणता. २०११ ला बारामती तालुक्याची वस्ती सुमारे ४ लाख ३० हजार आणि इंदापूरची सुमारे ३ लाख ८३ हजार निघाली. हे दोन्ही आकडे फेब्रुवारीतले आहेत, म्हणजे हंगामातले आहेत, हे वाचणाऱ्याने विसरता कामा नये.

कुणी म्हणेल, टोळी इथे मोजली काय आणि तिथे मोजली काय, देशाच्या बेरजेत काय फरक पडणार? बरोबर आहे, तिला एकदाच मोजले तर बेरीज तीच राहते. खरा धोका तिला कुठेच न मोजण्याचा आहे. इथला गणनेदार म्हणतो, ‘ही बाहेरची माणसे.’ तिकडचा म्हणतो, ‘घराला कुलूप आहे.’ झाले, कोपीतले ते तान्हे पोर कोणत्याच कागदावर येत नाही. हे नुसते तर्काचे बोलणे नव्हे. शिरगणतीनंतर आपलेच खाते देशभर नमुन्याचे काही भाग निवडते, वेगळी माणसे पाठवून ते पुन्हा मोजते आणि दोन्ही याद्या घरागणिक ताडून पाहते. २०११ च्या ताडणीत दर हजारी २३ माणसे सुटल्याचे आढळले. शिरगणतीचा आकडा होता १२१ कोटी ९ लाख. त्याच्या हजारी २३ काढले तर सुमारे पावणेतीन कोटी माणसे होतात. पण छापलेला अधिकृत आकडा या चुकीसाठी वाढवीत नाहीत. जेवढी माणसे मोजली, तेवढीच तो सांगतो.

आता फडातून वर या आणि ती दोन पुस्तके उघडा. त्यांतले सगळे आकडे एकाच दिवसाचे, १ जुलै २०२३ चे आहेत, असे धरू. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२२ च्या आवृत्तीत त्या दिवशी भारत १४२ कोटी ८६ लाख आणि चीन १४२ कोटी ५७ लाख. आपण २९ लाखांनी पुढे. पहिल्या पुस्तकाने हे घेतले. दुसऱ्याने भारताचा आकडा आपल्या सरकारच्या तज्ज्ञगटाच्या अंदाजातून घेतला. तो त्याच दिवसासाठी १३९ कोटी २३ लाख सांगतो. चीनचा आकडा मात्र राष्ट्रसंघाचाच ठेवला. झाला भारत दुसरा! जुलै २०२३ मध्ये आपल्या संसदेत सरकारने दिलेल्या लेखी उत्तरातही हीच दोन आकड्यांची जोडी होती.

एकाच देशाचे, एकाच दिवसाचे दोन आकडे, आणि त्यांत साडेतीन कोटींहून अधिक तफावत! ही आली कुठून? पुष्कळांना वाटते की कुणी जन्मदर जास्त धरला, कुणी कमी. तो भाग थोडा असेलही. पण मागे जाऊन २०११ पाहा. शिरगणती म्हणते १२१ कोटी ९ लाख. राष्ट्रसंघाच्या त्याच आवृत्तीत २०११ च्या जुलैसाठी १२५ कोटी ७६ लाख आहेत. मार्च ते जुलै या चार महिन्यांची वाढ जेमतेम अर्ध्या कोटीच्या आसपास धरली, तरी चार कोटींची तफावत तिथेच आहे. म्हणजे दोघे पळताना वेगळे झाले नाहीत, दोघांची सुरुवातीची रेषाच वेगळी होती. आपला तज्ज्ञगट मोजलेल्या माणसांपासून चालू लागतो. राष्ट्रसंघाचे तज्ज्ञ सुटलेल्यांची, विशेषतः लहान मुलांची, भर घालून मग चालू लागतात. आपल्या कोपीतले पोर एका हिशेबात आहे, दुसऱ्यात नाही.

दुसरी गोष्ट हद्दीची. राष्ट्रसंघाच्या त्या यादीत चीन म्हणजे चीनची मुख्य भूमी. हाँगकाँग, मकाव आणि तैवान यांच्या ओळी वेगळ्या आहेत. तिघांची मिळून लोकसंख्या तीन कोटींच्या थोडी वर जाते. ती चीनमध्ये मिळवली तर चीन १४५ कोटींच्या पलीकडे जातो आणि राष्ट्रसंघाचाच भारताचा आकडा धरूनही आपण दुसरे ठरतो. चीनने १ नोव्हेंबर २०२० ला केलेल्या गणनेतही मुख्य भूमीचे १४१ कोटी १८ लाख आणि या तिन्ही प्रदेशांसह १४४ कोटी ३५ लाख, असे दोन आकडे प्रसिद्ध झाले. एकाने हा उचलला, दुसऱ्याने तो.

तिसरी गोष्ट आवृत्तीची. राष्ट्रसंघ नवी माहिती आली की मागचे आकडेही दुरुस्त करतो. २०२४ च्या आवृत्तीत त्याच १ जुलै २०२३ साठी भारत १४३ कोटी ८१ लाख झाला आणि चीन १४२ कोटी २६ लाख. दिवस तोच, संस्था तीच, पण आघाडी २९ लाखांवरून दीड कोटीवर गेली. पहिल्या आवृत्तीवरून वर्तमानपत्रांनी भारत एप्रिल २०२३ मध्ये पुढे गेल्याचे छापले होते. नव्या आवृत्तीत तर २०२२ च्या जुलैतच दोघे जवळजवळ बरोबरीला आलेले दिसतात. त्या एप्रिलात दिल्लीला किंवा पेकिंगला कुणी माणसे मोजून पाहिली नव्हती. तो कागदावरच्या दोन रेषांचा छेद होता.

आता सर्वांत महत्त्वाचा हिशेब करू. १४२ कोटींत २९ लाखांची आघाडी म्हणजे हजारात दोन माणसांची आघाडी. आणि आपल्या मोजणीतली चूक हजारात तेवीस माणसांची. काट्याचीच चूक दहा शेरांची, आणि आपण एका शेरावरून भांडतो आहोत! अशा काट्यावर पहिला कोण नि दुसरा कोण, हे त्या एका दिवसापुरते छातीठोकपणे सांगताच येत नाही. एवढे मात्र सांगता येते, की चीनची लोकसंख्या २०२२ पासून घटू लागली आहे आणि आपली वाढते आहे. त्यामुळे कोणत्याही रीतीने मोजले तरी भारत पुढे जाणार. रीत बदलली तर बदलेल ते साल.

म्हणून पुस्तकात असा क्रमांक दिसला की पानाच्या तळाशी चार गोष्टी शोधाव्यात. आकडा कोणत्या तारखेचा? मोजलेला की अंदाजलेला, आणि अंदाज असेल तर कोणत्या गणनेवरून व कोणत्या आवृत्तीतला? सुटलेल्यांची भर घातली आहे का? आणि देशाची हद्द कुठवर धरली आहे? दोन देशांचे आकडे वेगवेगळ्या रीतीचे असतील तर त्यांचा क्रम लावूच नये. आपल्या स्टँडवरच्या दुसऱ्या पुस्तकाची चूक झाली ती इथे. त्याने भारत एका मापाने घेतला आणि चीन दुसऱ्या. पहिल्याचेही चुकलेच. त्याने माप एकच वापरले, पण ते माप किती ढिले आहे हे सांगितले नाही.

२०२१ ची शिरगणती लांबली. पुढच्या शिरगणतीसाठी १ मार्च २०२७ चा शून्य तास धरल्याचे जून २०२५ मध्ये जाहीर झाले. म्हणजे पुन्हा फेब्रुवारी, पुन्हा हंगाम. भवानीनगरच्या रानात कोपीपुढे उभ्या राहणाऱ्या गणनेदाराने ‘ही बाहेरची माणसे’ म्हणून पाय मागे घेतला नाही आणि आतल्या झोळीतल्या पोराचेही नाव विचारले, तर जगाच्या यादीतला आपला आकडा तेवढ्याने खरा होईल.