पॅसेजमधला सेन्सर दिवा रात्रभर उगाच का पेटतो? तो नेमका कुठे लावायचा?

मोशन सेन्सरचा नाइट लॅम्प बहुतेक वेळा घरातल्या वयस्कर माणसासाठी आणला जातो. रात्री दोन-तीनदा बाथरूमला उठावं लागतं, झोपेत स्विच सापडत नाही आणि अंधारात पाय अडखळला तर थेट हाड मोडण्याची भीती असते. दिवा आपोआप लागला की हा प्रश्न सुटतो.

पण अनेक घरांत चार दिवसांतच तक्रार सुरू होते. पॅसेजमध्ये कोणी नसतानाही दिवा पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. उजेड बेडरूममध्ये येतो आणि सगळ्यांची झोपमोड होते. मग कोणीतरी वैतागून दिव्याचं बटण बंद करून ठेवतं आणि ज्या आजीसाठी तो आणला, ती पुन्हा भिंत चाचपत जाते.

अशा वेळी दिवा खराब आहे असं वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याचदा दिवा ठीक असतो, त्याची जागा चुकलेली असते.

सेन्सरला नेमकं काय दिसतं?

या दिव्यांवर पुढच्या बाजूला दुधी रंगाचा छोटा घुमट असतो. त्याच्या आत पीआयआर, म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेड सेन्सर असतो. हा सेन्सर स्वतः काही सोडत नाही. समोरून येणारी उष्णता तो फक्त बघत बसतो.

घुमटावर जवळून पाहिलं तर बारीक चौकोन किंवा रेषा दिसतात. ही खरं तर अनेक छोटी भिंगं असतात. त्यांच्यामुळे समोरची जागा पंख्याच्या पात्यांसारख्या पट्ट्यांमध्ये विभागली जाते. एखादी गरम वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेली की सेन्सरला फरक जाणवतो आणि दिवा लागतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, सेन्सरसमोरून आडवं जाणारं माणूस त्याला लगेच कळतं, कारण ते पट्टे ओलांडत जातं. सरळ सेन्सरच्या दिशेने चालत येणारं माणूस मात्र बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतं, त्यामुळे दिवा उशिरा लागतो. दुसरी, सेन्सरला माणूस ओळखता येत नाही. उष्णतेतला कोणताही हलता फरक त्याला सारखाच.

म्हणून पंख्याच्या वाऱ्याने हलणारा पडदा किंवा मच्छरदाणी, अंथरुणात कूस बदलणारं माणूस, गीझरच्या गरम पाण्याची वाफ, एसीचा थेट येणारा झोत, फ्रिजच्या मागून किंवा बाजूने येणारी गरम हवा आणि घरातलं मांजर, यांपैकी कशानेही दिवा पेटू शकतो.

एका पॅसेजचं उदाहरण

समजा, टू बीएचके फ्लॅटमधला पॅसेज ३ फूट रुंद आणि १२ फूट लांब आहे. एका टोकाला हॉल, दुसऱ्या टोकाला बाथरूमचं दार. हॉलकडून ४ फूट आत गेल्यावर डाव्या भिंतीत बेडरूमचं अडीच फुटी दार आहे. उजवी भिंत कोरी आहे, फक्त बेडरूमच्या समोर साधारण ४ फूट उंचीवर स्विचबोर्ड आहे.

प्लगमध्ये लावायचा दिवा असेल तर तो साहजिकच या स्विचबोर्डवर जातो. ही सगळ्यात वाईट जागा. दार उघडं असलं की सेन्सर थेट पलंगाकडे, हलत्या पडद्याकडे पाहतो. शिवाय डोळ्यांच्या जवळपास असलेला दिवा अंधारातून आलेल्या माणसाचे डोळे दिपवतो आणि पायाखालची जमीन दिसत नाही.

दुसरा पर्याय म्हणून दिवा बाथरूमच्या दारावर, हॉलकडे तोंड करून लावला जातो. आता बेडरूम दिसत नाही, पण चालणारं माणूस सरळ दिव्याकडे येतं, त्यामुळे तो उशिरा लागतो. हॉलमध्ये कोणी टीव्ही बघत इकडेतिकडे फिरत असेल, तर त्यानेही तो पेटतो.

योग्य जागा आहे डावी भिंत, म्हणजे बेडरूमचं दार ज्या भिंतीत आहे तीच. दाराची चौकट संपली की अर्धा फूट पुढे, बाथरूमच्या बाजूला, जमिनीपासून १ ते दीड फूट उंचीवर. दिवा दाराच्याच भिंतीवर असल्याने त्याला बेडरूमच्या आत डोकावता येत नाही. समोर कोरी भिंत असते. माणूस दारातून बाहेर आलं की त्याचे पाय सेन्सरसमोरून आडवे जातात. दिवा खाली असल्याने उजेड थेट जमिनीवर पडतो.

एक दिवा पुरतो का?

बऱ्याच दिव्यांच्या खोक्यावर सेन्सरचा कोन १२० अंश लिहिलेला असतो. म्हणजे सरळ रेषेच्या दोन्ही बाजूंना ६० अंश. समोरच्या भिंतीपर्यंत ३ फूट अंतर असेल, तर त्या भिंतीवर दोन्हीकडे साधारण ५ फूट पट्टा त्याच्या नजरेत येतो. हे वाचून एक दिवा पुरेल असं वाटतं.

पण माणूस समोरच्या भिंतीला चिकटून चालत नाही, पॅसेजच्या मधून चालतं. तिथे, म्हणजे दीड फुटावर, सेन्सरची नजर दोन्हीकडे जेमतेम अडीच फूट पोचते. पहिला दिवा हॉलपासून ७ फुटांवर आहे, तर मधून चालणारं माणूस त्याला साडेचार ते साडेनऊ फुटांच्या टप्प्यातच दिसेल. बाथरूममधून परत येताना पहिली एक-दोन पावलं अंधारातच पडतील.

म्हणून दुसरा दिवा त्याच भिंतीवर, बाथरूमच्या दाराच्या अडीच फूट अलीकडे लावावा. दोघांचे टप्पे एकमेकांत मिसळतात आणि बेडरूमच्या दारापासून बाथरूमच्या दारापर्यंत उजेडात खंड पडत नाही. दोन्ही दिवे एकाच भिंतीवर ठेवण्याचंही कारण आहे. या दिव्यांमध्ये अंधार ओळखणारा वेगळा सेन्सर असतो. दिवे समोरासमोर लावले, तर एकाचा उजेड दुसऱ्यावर पडतो, दुसऱ्याला दिवस असल्यासारखं वाटतं आणि तो लागतच नाही.

अशा खालच्या जागी सहसा प्लग नसतो. तिथे लोहचुंबकाच्या पट्टीवर चिकटणारा, चार्जिंगचा दिवा सोयीचा पडतो. पण चार्जिंगच्या दिव्यात उगाच पेटण्याचा तोटा दुप्पट. एका चार्जिंगमध्ये सलग १० तास जळणारा दिवा दर वेळी ३० सेकंद लागतो असं धरू. रात्रीच्या आठ तासांत दर दोन मिनिटांनी तो उगाच पेटला, तर २४० वेळा, म्हणजे रोज २ तास जळेल आणि पाचव्या रात्री संपेल. फक्त खऱ्या फेऱ्यांना, समजा १२ वेळा, पेटला तर रोज ६ मिनिटंच जळेल आणि चार्जिंग कित्येक आठवडे पुरेल.

जागा बदलता येत नसेल तर

प्रत्येक घरात समोर कोरी भिंत मिळत नाही. दिव्यासमोर दुसऱ्या खोलीचं दार येत असेल किंवा बाथरूमचं दार कायम उघडं राहत असेल, तर घुमटाचा तेवढा भाग काळ्या इन्सुलेशन टेपने झाकता येतो. डावीकडचा भाग झाकला की डावीकडचे पट्टे बंद होतात, बाकीचे चालू राहतात. टेप एका वेळी बारीक पट्टीएवढीच लावावी आणि दर वेळी चालून पाहावं.

इथे एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. काच आपल्याला पारदर्शक असली तरी ही उष्णता ती अडवते, त्यामुळे संरक्षणासाठी दिव्यापुढे काच लावली तर सेन्सर आंधळा होतो. उलट पातळ पॉलिथिनमधून उष्णता बरीचशी आरपार जाते, म्हणून प्लॅस्टिकची पिशवी लावून काही झाकलं जात नाही.

चाचणी कशी घ्यायची?

रात्री घरातला पंखा, एसी, पडदे नेहमीसारखे ठेवावेत आणि पॅसेज दिसेल पण सेन्सरच्या नजरेत येणार नाही अशा जागी दहा मिनिटं बसावं. या वेळात दिवा एकदाही लागता कामा नये. लागला, तर घुमटाचा अर्धा भाग झाकावा. पेटणं थांबलं, तर त्रास त्या बाजूने येतो आहे. नाही थांबलं, तर दुसरा अर्धा झाकून पाहावा. बाजू कळली की तिथला पडदा, फ्रिज किंवा एसीचा झोत शोधणं सोपं जातं.

सगळा घुमट झाकूनही दिवा पेटत असेल, तर कारण बाहेरच्या उष्णतेत नाही. वायफाय राउटर अगदी शेजारी असेल तर तो दूर करून पाहावा. तरीही फरक पडला नाही, तर दिवा बदलून घ्यावा.

खरेदी करताना

बाजारात रडार किंवा मायक्रोवेव्ह सेन्सरचे बल्बही मिळतात. त्यांवर दुधी घुमट नसतो. त्यांच्या लहरी लाकडी दारातून आणि पातळ भिंतीतूनही जातात, त्यामुळे बंद बेडरूममधल्या पंख्यानेही ते पेटू शकतात. जिना किंवा पार्किंगला ते चालतात, या पॅसेजला नकोत.

दिवा किती वेळ जळतो तेही पाहावं. हळू चालणारं माणूस मध्येच थांबलं तर सेन्सरला हालचाल दिसत नाही आणि १५ सेकंदांत अंधार होतो. वयस्कर माणसासाठी ३० सेकंद ते १ मिनिटाची सोय असलेला, पिवळसर उजेडाचा दिवा बरा.

या सेन्सरची एक मर्यादा मात्र जागा बदलून जात नाही. मे महिन्यात विदर्भात किंवा तापलेल्या स्लॅबखालच्या घरात भिंती अंगाइतक्याच गरम होतात. मग अंग आणि भिंत यांतला फरक कमी होतो आणि दिवा उशिरा लागतो किंवा लागतच नाही. म्हणून दाराजवळचा नेहमीचा स्विच हाताशी राहू द्यावा आणि उन्हाळा सुरू झाला की चाचणी पुन्हा एकदा घ्यावी.