प्रिंटर बरा आहे

खिशात हात घाल. मोबाईल नाही. त्याच्या जागी एक रुपयाची चार नाणी, रेल्वेचा पास आणि घडी घालून घालून मऊ पडलेला एक कागद. साल १९९७, महिना जुलै, वेळ सकाळी नऊची. तू अंधेरी पूर्वेला आगरकर चौकात ३३२ च्या रांगेत उभा आहेस. मान वर केलीस तर नुसतं आभाळ दिसतं आणि ते गळतंय. डोक्यावरून मेट्रो धावायला अजून १७ वर्षं आहेत, तेव्हा छत्री उघड.

तू मरोळ नाक्याजवळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात हिशेब लिहितोस. गाळ्यात एक कॉम्प्युटर आणि एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे. गेल्या आठवड्यात त्या प्रिंटरने प्रत्येक ओळीच्या पोटातून एक बारीक पांढरी रेघ सोडायला सुरुवात केली. चलनावरचे आठ शून्यासारखे दिसायला लागले, तेव्हा साहेबांनी सर्व्हिसवाल्यांना फोन लावला. आणि ती आली.

रेनकोट दाराशी टांगून तिने झाकण काढलं, रिबन बाजूला केली आणि लाइन फीडचं बटण दाबून धरून मशीन चालू केलं. सेल्फ टेस्टची ओळ छापून आली. तिने कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "हेडच्या नऊ पिनांतली एक गेलीय." हेड बदललं, पुन्हा टेस्ट घेतली, हाताची शाई चिंधीला पुसली. जाताना कॉल रिपोर्टच्या कोपऱ्यात तिने पेजरचा नंबर लिहिला. "परत अडलं तर पेज करा."

प्रिंटर तेव्हापासून एकदाही अडलेला नाही. अडचण तिथेच आहे.

आता हे पेजर प्रकरण नीट समजून घे, कारण तुझ्या काळातल्या सवयी इथे चालत नाहीत. पेजर आपल्याकडे येऊन दोनच वर्षं झालीत. मोबाईलही आलाय, पण आलेला फोन उचलला तरी पैसे पडतात, मिनिटाला १६ रुपयांपर्यंत. तेव्हा तो बिल्डरांनी घ्यावा. पेजर कमरेला लावायचा. तो वाजतो, छोट्याशा पट्टीवर इंग्रजी अक्षरं सरकतात. त्यावरून उत्तर धाडता येत नाही, आणि पोचलं की नाही हेही कळत नाही. निळ्या टिका वगैरे विसर. ती तळघरात असली किंवा पेजर बंद असला, तर निरोप हवेतच विरला.

सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. निरोप तू टाइप करत नाहीस. पेजर कंपनीला फोन करायचा, हेडफोन लावून बसलेल्या ऑपरेटर बाईंना नंबर सांगायचा आणि मजकूर तोंडी सांगायचा. त्या तो टाइप करणार, तुला वाचून दाखवणार आणि मगच सोडणार. म्हणजे तिला एक गोड वाक्य पाठवायचं तर आधी ते एका अनोळखी बाईला ऐकवायचं. तू तर बसमध्ये कंडक्टरला "मरोळ नाका" सुद्धा दोनदा सांगतोस, पहिल्यांदा आवाजच फुटत नाही म्हणून.

म्हणून तयारी सुरू होते. प्रिंटरच्या कागदाच्या कडेची भोकाभोकांची पट्टी फाडून तू पहिला मसुदा लिहितोस. त्यात पाऊस आहे, रेनकोट आहे, शाई लागलेली बोटं आहेत. चाकाल्यापर्यंत तो ठीक वाटतो, जे. बी. नगरला लाज आणतो. दुसऱ्या मसुद्यात तू तिला 'बॉर्डर' बघायला नेतोस. सिनेमा जोरात चाललाय हे खरं, पण पहिल्याच भेटीत रणगाडे? तो कागद सीटच्या फटीत जातो.

मग खरा पेच येतो: अगं म्हणायचं की अहो? 'तू' म्हटलं तर आगाऊपणा, 'तुम्ही' म्हटलं तर वाटणार बँकेचं पत्र. दोन रात्री यात जातात. शेवटी सुटका सापडते. वाक्यात तिला घ्यायचंच नाही! आणि एका संध्याकाळी, अंधेरीच्या पुलावर माणसांच्या लोंढ्यात अडकलेला असताना, ते चार-पाच शब्दांत उतरतं: प्रिंटर बरा आहे. मी नाही.

हे चांगलं आहे हं. मी असतो तर इथेच थांबलो असतो. तू मात्र ते आरशासमोर म्हणून बघतोस, 'मी नाही' आधी हसून, मग गंभीरपणे. घरच्यांना वाटतं, घसा धरलाय.

शुक्रवार. मरोळ नाक्यावर किराणा दुकानाच्या फळीवरचा लाल फोन. सात आकडे फिरव. पलीकडून आवाज आला की नाणं ढकलायचं. आवाज येतो, नाणं जातं, आणि तू फोन ठेवतोस. दुसरं नाणं. या वेळी पेजर नंबरापर्यंत मजल जाते. पाठीमागे रांग धरू लागते: एक रिक्षावाला, एक दुधाच्या पिशव्या घेतलेल्या मावशी, एक छत्रीवाले काका.

"मेसेज?"

"प्रिंटर बरा आहे," तू पुटपुटतोस.

"लाउडली सर, रेन का आवाज आ रहा है." बाई मराठी नाहीत. "स्पेलिंग बोलो."

तू ओरडतोस. "बी फॉर बॉम्बे! ए! आर फॉर रत्नागिरी! ए!" शहराचं नाव बदलून दोन वर्षं झाली, पण बी ला दुसरं आहे काय? "एम फॉर मुंबई! आय फॉर इंडिया!"

"मी काय?" मागून मावशी विचारतात.

"नाही," काका सांगतात. "मी नाही म्हणतोय तो. पुढे सांग रे बाबा, आमचेही फोन आहेत."

"फ्रॉम?" बाई विचारतात.

सगळ्या मसुद्यांत नावाचा विचारच केलेला नव्हता. फोन टूं टूं करायला लागतो. "अकाउंट्स!" तू किंचाळतोस आणि लाइन कटते.

साकीनाक्याला कुणाच्या तरी मशीनवर वाकलेली ती कमरेची डबी काढून वाचते:

`PRINTER BARA AHE. MI NAHI. FROM ACCOUNTS.`

अर्ध्या तासाने ऑफिसचा फोन वाजतो. तो साहेबांच्या टेबलावर असतो. साहेब ऐकतात, रिसीव्हरवर हात ठेवून तुझ्याकडे बघतात. "अकाउंट्समधून कुणी बारा प्रिंटर मागवले? आपल्याकडे एक धड चालत नाही."

"चालतोय, साहेब," तू म्हणतोस. तेवढंच सुचतं.

शनिवारी सकाळी ती दारात. रेनकोट टांगते, झाकण काढते, बटण दाबून टेस्ट घेते. ओळ स्वच्छ येते. साहेब बाहेर गेलेत.

"बारा कुठेत?"

"बरा," तू म्हणतोस. "बारा नाही. प्रिंटर बरा आहे."

"आणि पुढचं?"

इतक्या दिवसांची तालीम. हसून की गंभीरपणे, यातलं काहीच होत नाही. आवाज बसमधल्यासारखा बसतो. "मी नाही."

ती कॉल रिपोर्टचं पॅड काढते, कार्बन सरळ करते, पेनाचं टोपण दातांनी उघडते. 'तक्रार' या रकान्यापाशी थांबते.

"हे आमच्या वार्षिक करारात बसत नाही," ती म्हणते. "वेगळा चार्ज पडेल."

"किती?"

"एक कटिंग. खालच्या टपरीवर. आणि पुढच्या वेळी मेसेजखाली नाव टाक, अकाउंट्समध्ये तीन जण बसतात तुमच्या. मी जिन्यात आधी त्या टकल्यांनाच विचारलं."