पटकथेतून मन कुठे गेलं?

पटकथा लिहिणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात एक नियम ऐकवला जातो: क्रियेच्या ओळीत कॅमेऱ्याला दिसेल आणि माइकला ऐकू येईल तेवढंच लिहा. नियम असा सांगितला जातो, जणू तो चित्रपटाबरोबरच जन्माला आला. तसं नाही. सिनेमा सुरू झाल्यावर बराच काळ या नियमाची कुणाला गरजच नव्हती, आणि ती का नव्हती हे कळलं की आज एखादा प्रसंग तपासताना नेमकं काय करायचं तेही कळतं.

दादासाहेब फाळक्यांचंच बघा. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. कथा जुळवणारे, पात्रं उभी करणारे, दृश्य लावून घेणारे आणि पैसा घालणारे फाळके एकच. तारामतीच्या मनात काय चाललंय हे त्यांना कागदावर कुणाला समजावून सांगायचं नव्हतं. नटासमोर उभं राहून ते करून दाखवता येत होतं. आणि जे करून दाखवूनही पडद्यावर उमटणार नाही, त्याच्यासाठी मूकपटाकडे एक सोय होती: अक्षरांची पाटी. दोन दृश्यांच्या मध्ये मजकूर झळकायचा आणि तो काळ, नातं, हेतू सगळं सांगून टाकायचा.

कोल्हापूरला बाबूराव पेंटरांची सोय आणखी वेगळी. ते चित्रकार. दृश्य कसं दिसणार याची रेखाटनं ते आधीच करून ठेवत. १९२५ च्या त्यांच्या ‘सावकारी पाश’मधल्या एका दृश्याचा उल्लेख जाणकारांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येतो: अंधुक उजेडातली उदास झोपडी आणि रडणारं कुत्रं. जमीन सावकाराच्या घशात गेलेल्या शेतकऱ्याची ती गोष्ट. ‘त्याचं सर्वस्व गेलं होतं’ असं वाक्य पेंटरांना लिहावं लागलं नाही. झोपडी आणि कुत्रं हेच ते वाक्य. मूकपट असल्यामुळे रडणंही डोळ्यांनीच ऐकायचं होतं.

नियमाची खरी गरज तिथे निर्माण झाली, जिथे लिहिणारा एक आणि चित्रीकरण करणारा दुसरा असं झालं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात टॉमस इन्स नावाच्या निर्मात्याने १९१२ च्या सुमारास एकाच वेळी अनेक चित्रपट चालवायला घेतले. तो प्रत्येक ठिकाणी हजर राहू शकत नव्हता. मग त्याने कागदाला आपल्या जागी उभं केलं. प्रसंगांना क्रमांक, ठिकाण, आत की बाहेर, पात्रं कोण, काय करतात. या कागदावरूनच खर्चाचा अंदाज निघे, वेशभूषेची यादी होई आणि एकाच जागेचे प्रसंग एका दिवशी घेतले जात. ‘तिला एकटं वाटतं’ या वाक्यावरून सामानाची यादी करता येत नाही, दिवस लावता येत नाही. मन कागदावरून हटलं त्यामागे सौंदर्याचा विचार फारसा नव्हता, हिशेबाचा होता.

आपल्याकडे ही फाळणी बोलपटाने केली. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठी पडदा बोलू लागला आणि स्टुडिओंना लेखक लागले. ते आले कादंबरीतून आणि रंगभूमीवरून. वि. स. खांडेकरांनी मास्टर विनायकांसाठी ‘छाया’ (१९३६) लिहिला, आचार्य अत्र्यांनी ‘ब्रह्मचारी’ (१९३८). कादंबरीकाराला पात्राच्या मनात शिरण्याची मुभा असते आणि नाटककाराला कंसातल्या रंगसूचनेची. ‘(स्वतःशी, खिन्नपणे)’ एवढं लिहिलं की पुढचं नट बघून घेतो. महिनाभर तालीम असते, लेखक बऱ्याचदा समोर बसलेला असतो. चित्रपटात तेवढी तालीम नसते, आणि प्रसंग उलटसुलट क्रमाने घेतले जातात. शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशी. अशा वेळी कंसातली खिन्नता नटाला फारशी कामाची नसते. त्याला हातात काय आहे, कुठे उभं राहायचं आणि कुणाकडे बघायचं नाही हे लागतं.

नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीवरून प्रभातने १९३७ मध्ये केलेला ‘कुंकू’ या बाबतीत मला सगळ्यांत मोठा धडा वाटतो. त्यात शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वगळलं आणि घरातलेच आवाज ठेवले. म्हाताऱ्या नवऱ्याची घुसमट सांगायला व्हायोलिन नाही, जुन्या घड्याळाचे ठोके आहेत. पाटी गेली होती, संगीतही नको म्हटलं, तेव्हा उरलं ते दिसणारं आणि ऐकू येणारं.

पुढे परदेशात स्टुडिओंची पद्धत मोडत गेली, तसे पटकथेतून कॅमेऱ्याचे हुकूमही गळाले. ‘क्लोज-अप’, ‘ट्रॉली’ हे दिग्दर्शकाचं काम ठरलं. लेखकाकडे प्रसंगाचा मथळा, क्रियेच्या ओळी आणि संवाद एवढंच राहिलं. मन आधीच गेलं होतं, आता कॅमेराही गेला. त्यामुळे क्रियेच्या ओळीवरचा भार वाढला: काय दिसतंय हे सांगता सांगता ते किती जवळून बघायचं हेही तिनेच सुचवायचं. ‘विठोबा बाजेवर बसलाय’ म्हटलं की आपण लांबून बघतो. ‘विठोबाचा अंगठा बाजेच्या सुंभावर घासतोय’ म्हटलं की आपोआप जवळ जातो.

आता प्रत्यक्ष काम करून बघू. समजा पाथरीत बसून कुणी पहिली पटकथा लिहितोय. इन्सची अडचण त्यालाही आहे: कागद मुंबईला जाणार, तो स्वतः तिथे असेलच असं नाही. त्याचा पहिला खर्डा असा:

आत. पाथरी, विठोबाचं घर. रात्र.
दत्ता पाच वर्षांनी पुण्याहून घरी आला आहे. बापाने न विचारता कालव्याखालचं रान विकलं होतं, म्हणून तो भांडून गेला होता. घरात तेच जुनं वातावरण आहे, चुलीवरच्या पिठल्याचा वास दरवळतो आहे. मुलाला बघून विठोबा मनातून सुखावतो, पण अभिमान आड येतो. दत्ताला अपराधी वाटतं. तो माफी मागायचं ठरवतो, पण धीर होत नाही.

गोष्ट म्हणून यात वावगं काही नाही. पण या मजकुरावर कॅमेरा लावायला सांगितला तर कॅमेरामन विचारेल, कुठे लावू?

मी पेन्सिल घेऊन आधी ‘होता, होती, होतं’ शोधतो. कारण सोपं आहे. कॅमेऱ्याला भूतकाळ नसतो, त्याच्यासमोर जे आहे ते आत्ता आहे. ‘विकलं होतं’, ‘गेला होता’ जिथे सापडेल तिथे मागची हकिगत घुसलेली असते. दुसऱ्या फेरीत मनाची क्रियापदं: वाटतं, आठवतं, कळतं, ठरवतो, सुखावतो. तिसऱ्या फेरीत नाक आणि कातडी: वास, उकाडा, गारवा. शेवटी लेखकाचे शेरे: ‘तेच जुनं वातावरण’.

खुणा झाल्या की लगेच खोडायचं नाही. प्रत्येक खुणेला तीन वाटा असतात: इथेच दाखवा, दुसऱ्या प्रसंगात न्या किंवा टाकून द्या. पिठल्याचा वास टाकून दिला तरी काही बिघडत नाही. उकाडा हवा असेल तर विठोबा पंच्याने वारा घेईल. पाच वर्षं दाखवायला भिंतीवरचं कॅलेंडर नको, ते फार वापरून झालंय. दारातलं कुत्रं दत्ताला ओळखत नाही, एवढं बस. तो गेला त्यानंतर ते या घरात आलंय. जमिनीची हकिगत मात्र या खोलीत दाखवताच येणार नाही. ती सकाळच्या प्रसंगात जाईल: दत्ता सवयीने कालव्याच्या कडेने चालत जातो, तारेच्या नव्या कुंपणाशी थांबतो. पलीकडे ऊस आणि अनोळखी माणूस पाणी देतोय. राहिला बापाचा अभिमान. त्याचं पुन्हा लिहिणं असं:

आत. पाथरी, विठोबाचं घर. रात्र.
टीव्हीवर बातम्या. विठोबा (६०) बाजेवर पाय पसरून पंच्याने वारा घेतोय.
बाहेर कुत्रं भुंकतं. थांबत नाही.
विठोबा टीव्हीचा आवाज कमी करतो. दाराकडे बघतो.
उंबऱ्याबाहेर दत्ता (२८). खांद्यावर बॅग. बूट काढून बापाच्या चपलेशेजारी ठेवतो, मग उचलून जरा लांब ठेवतो.
विठोबा टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवतो.
दत्ता आत येतो. बॅग खांद्यावरच.
विठोबा टीव्हीकडे बघत पाय जवळ घेतो. बाजेची अर्धी जागा मोकळी होते.
दत्ता उभाच.

यात एकाही भावनेचं नाव नाही. नटांना मात्र करायला काम मिळालं, ध्वनीवाल्याला कुत्रं आणि टीव्ही मिळाले, आणि संकलकाला कुठे कापायचं तेही दिसलं. प्रत्येक ओळ साधारण एक दृश्यतुकडा आहे. ओळ मोडणं हे इथे विरामचिन्हासारखं काम करतं.

नियमाचा अतिरेकही होतो, आणि तो मला जास्त त्रासदायक वाटतो. नवा लेखक ‘दत्ताला राग येतो’ खोडतो आणि ‘दत्ता मुठी आवळतो’ लिहितो. हे तर रागालाच वेष चढवणं झालं. मुठी आवळणं, सुस्कारा टाकणं, डोळ्यांच्या कडा ओलावणं कुठल्याही कथेतल्या कुठल्याही माणसाला चिकटतं. बूट लांब ठेवणं फक्त या मुलाला, या दारात, या रात्री. दुसरी गफलत नकारार्थी वाक्याची. ‘दत्ता रडत नाही’ हे कॅमेऱ्याला दिसत नाही, कारण न रडणाऱ्या माणसाने जग भरलंय. पण बापाने काही विचारल्यावर ‘दत्ता उत्तर देत नाही’ हे दिसतंही आणि ऐकूही येतं, कारण प्रश्नाने तिथे जागा करून ठेवलेली असते. शांततासुद्धा अशी लिहावी लागते. ‘सैराट’च्या (२०१६) शेवटी आवाजच काढून घेतलाय. ते नुसतं चित्र नाही, ध्वनीचाच निर्णय आहे.

आणि थोडी सूट द्यावी. पात्राचं नाव, वय कॅमेऱ्याला दिसत नाही, तरी लिहावंच लागतं. ‘दचकतो’, ‘घाईने’ चालतं, कारण ते अंगावर उमटतं. विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरच्या ‘आक्रोश’मध्ये (१९८०) लहान्या भिकू जवळजवळ सगळा चित्रपट गप्प राहतो. अशा माणसाबद्दल लेखकाला सगळं ठाऊक असावंच लागतं. ते वेगळ्या टिपणात लिहावं, नटाला द्यावं. प्रसंगाच्या पानावर मात्र ते येऊ नये.

तपासणी दोन टप्प्यांत करावी. आधी हे पान अशा दोन माणसांना द्या ज्यांना गोष्ट ठाऊक नाही, आणि विचारा: बापाला काय वाटतंय? दोघांची उत्तरं जवळपास आली तर प्रसंग उभा राहिला. कुणालाच सांगता आलं नाही तर मनातलं परत लिहू नका, कृती बदला. मग घड्याळ लावून प्रसंग मनातल्या मनात पूर्ण वेळ घेऊन बघा. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजी टंकलेखनाच्या ठरावीक अक्षरांवर बसलेला आहे. देवनागरीत अक्षराच्या आकाराप्रमाणे तो हलतो. पहिला खर्डा वाचायला अर्धं मिनिट लागतं आणि पडद्यावर त्याचे किती सेकंद होतील हे कुणालाच सांगता येत नाही. दुसऱ्याचे पाऊण मिनिट ते एक मिनिट भरतात, कुत्रं किती वेळ भुंकतं त्यावर.